उतारावरचे वीस वाफे

एका डोंगरउताराचा कृष्णधवल फोटो आहे. उतारावर झाडांचे पंचवीस चौकोन, पाच ओळी आणि पाच रकाने, बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले. प्रत्येक चौकोनात एकाच जातीची झाडं, त्यामुळे कुठे गडद तर कुठे फिकी छटा. वेल्समधल्या बेडगेलर्ट जंगलातली ही लागवड रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२९ साली आखून दिली आणि फोटो साधारण १९४५चा आहे. फिशरच्या मुलीने, जोन फिशर बॉक्स यांनी, १९७८ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रात तो छापला आहे. बारकाईने पाहिलं तर दिसतं की कोणत्याही आडव्या ओळीत एक जात दोनदा येत नाही आणि कोणत्याही उभ्या रकान्यातही येत नाही. वर वाऱ्याचा मारा जास्त, खाली आडोसा जास्त. अशा जागेत प्रत्येक जातीच्या वाट्याला सगळ्या उंचीवरची जागा सारखी यावी म्हणून ही मांडणी केली होती.

फोटोतली ही मांडणी म्हणजे लॅटिन चौरस. तिच्यात जमिनीतला फरक दोन दिशांनी बांधून घेतला आहे. आपल्याकडच्या शेतातल्या प्रयोगांत जास्त वापरली जाते तिची साधी बहीण, जिच्यात फरक एकाच दिशेने बांधला जातो. कृषी विद्यापीठांत तिला आरबीडी म्हणतात, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचं १९५४ सालचं इंग्रजी पुस्तक शेतीतल्या प्रयोगांची ही सगळी पद्धत भारतीय उदाहरणांसह सांगतं, आणि कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पानसे यांचं स्वतःचं काम इंदूरच्या संस्थेत कापसावर झालं होतं.

हीच मांडणी आता फुलसावंगीच्या एखाद्या वावरात नेऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातला हा भाग पैनगंगेच्या खोऱ्यातला, खडक काळा बेसाल्ट, आणि पिकं कापूस, सोयाबीन, तूर. अशा भागात एकाच धुऱ्याच्या आत जमीन बदलत जाते. वरच्या अंगाला मुरूम वर आलेला, माती वीतभर. मधल्या पट्ट्यात मध्यम. आणि नाल्याकडे उतरत गेलं की खोल काळी माती, जी पाऊस उघडला तरी बरेच दिवस ओल धरते. पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं वरची बारीक माती खाली नेऊन ठेवली, म्हणून हा क्रम. शेतकऱ्याला तो पाठ असतो. पंधरा दिवस पाऊस ओढला की वरच्या तासांचं सोयाबीन आधी माना टाकतं.

आता समजा या वावरात सोयाबीनच्या पाच जाती तोलून पाहायच्या आहेत. त्यांना अ, ब, क, ड, इ म्हणू. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वावराचे पाच मोठे तुकडे करून प्रत्येकात एक जात पेरणं. त्यात जी जात नाल्याकडे पडेल ती जिंकेल आणि आपण जमिनीचं बक्षीस बियाण्याला देऊन बसू. म्हणून लहान वाफे पाडायचे आणि प्रत्येक जात अनेक वाफ्यांत पेरायची. पण तेवढ्यानेही भागत नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रात मर्सर आणि हॉल यांनी १९१० साली एक एकर गहू एकाच पद्धतीने वाढवला आणि कापणीला त्याचे पाचशे सारखे वाफे पाडून प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं. बियाणं तेच, खत तेच, तरी काही वाफ्यांचं धान्य इतर काहींच्या जवळपास दुप्पट भरलं. शेजारशेजारच्या वाफ्यांत मात्र बरंच साम्य होतं. गट पाडण्याची सगळी कल्पना या शेवटच्या निरीक्षणावर उभी आहे. जवळची जमीन जवळच्या जमिनीसारखी असते, म्हणून तुलना जवळच्या जवळ करायची.

मांडणी अशी होईल. उताराला आडवे चार पट्टे आखायचे, म्हणजे एका पट्ट्यात सगळीकडे मातीची खोली साधारण सारखी राहील. हे पट्टे म्हणजे चार गट. प्रत्येक पट्ट्यात पाच वाफे, एकूण वीस. वाफ्याची रुंदी दहा तासांची, दोन तासांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार मीटर. लांबी सहा मीटर आणि ती उताराच्या दिशेने. एरवी पेरणी उताराला आडवी करावी हे खरंच, पण इथे वाफा आडवा टाकला तर एकाच गटात एक वाफा वर आणि एक खाली जाऊ लागतो. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली की गटातल्या पाचही वाफ्यांना उताराचा तोच तुकडा मिळतो. दोन पट्ट्यांमध्ये मीटरभर जागा सोडून तिथे आडवी सरी काढली की वाहतं पाणी अडतं. पट्टे मात्र उताराच्या दिशेने आखले तर प्रत्येक गटात मुरूमही आला आणि काळी मातीही, आणि गट पाडूनही हाती काही लागणार नाही. प्रयोगाच्या शेताचा फोटो समोर आला की मी आधी पाणी कोणत्या बाजूला उतरतं ते शोधतो आणि मग गटांच्या पाट्या पाहतो. पाटीवर आर-१, आर-२ असं लिहिलेलं असतं ते गट, आणि टी-१, टी-२ त्या जाती किंवा खताच्या मात्रा. आर-१ ते आर-४ उतार उतरत गेलेले दिसले तर आखणी जाणत्याची आहे.

गटाच्या आत कोणती जात कोणत्या वाफ्यात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकायच्या. हे काम अनेकदा घाईत सुटतं. पहिल्या गटात अ, ब, क, ड, इ असा क्रम आला की तोच खाली उतरवत नेला जातो, कारण पाट्या लावायला आणि पाहुण्यांना दाखवायला सोपं. मग धुऱ्यावरच्या कडुनिंबाची सावली चारही गटांत फक्त अ वर पडते आणि हिशेबात ती अ चा दोष म्हणून उमटते. जमिनीतला जो फरक आपल्याला माहीत आहे तो गट बांधून घेतात. जो माहीत नाही, जुना उकिरडा कुठे होता, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, तो चिठ्ठ्यांमुळे कोणत्याही एका जातीच्या मागे कायमचा लागत नाही.

कापणीला वाफ्याच्या दोन्ही कडांचं एकेक तास आणि दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडून द्यायचा, कारण कडेच्या झाडांना मोकळी जागा मिळते आणि ती जास्त फोफावतात. उरतो ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब तुकडा, म्हणजे १८ चौरस मीटर. एकरी आठ क्विंटल उत्पादन असेल तर या तुकड्यात सुमारे साडेतीन किलो सोयाबीन भरेल. तोलताना दोनशे ग्रॅमची चूक झाली तर ती एकरी पंचेचाळीस किलोंची चूक होते. त्यामुळे काटा कसा आहे, दाणे किती वाळलेले आहेत, हे सगळं महत्त्वाचं. आणि कापणीही गटागटाने करायची. पाऊस आला आणि काम थांबवावं लागलं तर चालू गट पुरा करून थांबायचं. मजूर दोन असतील तर एकाने एक अख्खा गट घ्यायचा. मग दिवसाचा आणि हाताचा फरकही त्या गटाच्या फरकात जमा होतो आणि जातींच्या तुलनेला शिवत नाही.

आता हिशेब. पुढचे आकडे कुठल्या प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत, रीत दिसावी म्हणून मी बेताने मांडले आहेत. उत्पादन एकरी क्विंटलमध्ये आहे. पहिला गट मुरमाड अंगाचा, चौथा नाल्याकडचा.

| जात | गट १ | गट २ | गट ३ | गट ४ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| अ | ६.८ | ६.६ | ८.१ | ८.१ | ७.४ |
| ब | ६.५ | ७.७ | ८.० | ९.० | ७.८ |
| क | ७.६ | ७.५ | ७.७ | ९.२ | ८.० |
| ड | ७.० | ८.४ | ८.२ | ८.८ | ८.१ |
| इ | ७.६ | ८.३ | ९.५ | ९.४ | ८.७ |
| सरासरी | ७.१ | ७.७ | ८.३ | ८.९ | ८.० |

अ या जातीचा पहिल्या गटातला आकडा घ्या, ६.८. सगळ्या वीस वाफ्यांची सरासरी ८.०. पहिला गट सरासरीपेक्षा ०.९ने कमी, ती जमिनीची उणीव. अ ही जात सरासरीपेक्षा ०.६ने कमी, ती जातीची उणीव. दोन्ही वजा केल्या तर या वाफ्यात ६.५ अपेक्षित होतं. आलं ६.८. जो ०.३ उरला त्याचं कारण आपल्याकडे नाही. कदाचित उगवण बरी झाली असेल, कदाचित एखादं तास दाट पडलं असेल. असा उरलेला तुकडा प्रत्येक वाफ्याचा निघतो. त्यांचे वर्ग करून बेरीज घेतली की प्रयोगाची त्रुटी मिळते. दोन जातींतला फरक खरा की नशिबाचा, हे या त्रुटीच्या मापाने ठरतं.

सरासरीपासूनच्या सगळ्या फरकांच्या वर्गांची बेरीज या तक्त्यात १५ येते. तिचे तीन वाटे पडतात. गटांचा वाटा ९, जातींचा ३.६ आणि त्रुटीचा २.४. प्रत्येक वाट्याला भागायला एक संख्या असते, तिला स्वातंत्र्यांश म्हणतात. चार गटांचे ३, पाच जातींचे ४, आणि एकूण १९मधून हे सात गेले की त्रुटीला १२. जातींचा वाटा ३.६ भागिले ४ म्हणजे ०.९. त्रुटी २.४ भागिले १२ म्हणजे ०.२. दोहोंचं गुणोत्तर ४.५, हाच एफ. या स्वातंत्र्यांशांसाठी पाच टक्के पातळीवरची मर्यादा ३.२६ आहे. आपला एफ तिच्यापुढे गेला, म्हणजे जातींत फरक आहे असं म्हणायला आधार मिळाला. दोन जातींची तुलना करायला जो किमान फरक लागतो, ज्याला विद्यापीठाच्या अहवालात सी.डी. म्हणतात, तो इथे ०.६९ येतो. इ आणि अ यांच्यात १.३चा फरक, इ आणि ब यांच्यात ०.९चा, इ आणि क यांच्यात ०.७चा, तिन्ही पुरतात, शेवटचा जेमतेम. इ आणि ड यांच्यात ०.६, तो पुरत नाही. म्हणून इ ही ड पेक्षा सरस आहे असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही, सरासरी कितीही मोठी दिसली तरी.

हाच तक्ता कोणी गट विसरून मांडला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जातींचा वाटा तोच, ३.६. पण गटांचे ९ आता कुठे जाणार? ते त्रुटीत जाऊन बसतात. त्रुटी होते ११.४, स्वातंत्र्यांश १५, भागाकार ०.७६. एफ उतरतो १.१८वर आणि मर्यादा आहे ३.०६. निष्कर्ष निघतो की पाचही जाती सारख्याच. शेतात सगळं नीट केलं, पट्टे बरोबर आखले, चिठ्ठ्या टाकल्या, आणि कागदावर एक ओळ गाळली म्हणून खरा फरक हरवला. गट पाडल्याने जमीन सारखी होत नाही. मुरूम मुरूमच राहतो. गटांमुळे एवढंच होतं की प्रत्येक जातीला मुरमाचा एक वाफा आणि काळ्या मातीचा एक वाफा मिळतो, म्हणून जातींच्या सरासरींतून जमीन आपोआप वजा होते. आणि विश्लेषणात गटांची ओळ ठेवली की त्रुटीतूनही वजा होते. पहिलं शेतात घडतं, दुसरं वहीत करावं लागतं.

गट शेतातच पाडले नसते, वीस वाफ्यांवर पाच जाती सरसकट चिठ्ठ्यांनी वाटल्या असत्या, तर काय झालं असतं याचाही अंदाज याच आकड्यांतून काढता येतो. त्या मांडणीत त्रुटी सुमारे ०.६४ आली असती, म्हणजे आपल्या ०.२च्या सव्वातीनपट. तेवढीच अचूकता मिळवायला प्रत्येक जातीचे चारऐवजी तेरा वाफे लागले असते, एकूण पासष्ट. माझ्या मते आरबीडीची किंमत सांगायला हा एक आकडा पुरेसा आहे. एवढी जागा, बियाणं आणि कापणीची मजुरी चार पट्टे नीट आखल्याने वाचली.

फुकट मात्र काही मिळत नाही. गटांनी त्रुटीचे तीन स्वातंत्र्यांश घेतले, म्हणूनच मर्यादा ३.०६वरून ३.२६वर चढली. शेत खरोखर एकसारखं असेल, नाल्याकाठच्या सपाट खोल काळ्या रानासारखं, तर गटांचा वाटा नगण्य निघेल आणि हा खर्च वाया जाईल. तो फार मोठा नसतो. म्हणून शंका असेल तर गट पाडावेत, आणि एकदा पाडले की निकाल पाहून ते विश्लेषणातून काढून टाकू नयेत.

हल्ली हा हिशेब संगणकावर होतो. आर या मोफत प्रणालीत तो दोन ओळींचा आहे:

```
d$gat <- factor(d$gat)
summary(aov(utpadan ~ gat + jat, data = d))
```

यातली पहिली ओळ गाळायची नाही. गट १, २, ३, ४ असे आकड्यांत भरलेले असतात, आणि सांगितलं नाही तर संगणक त्यांना मोजमाप समजतो, जणू दुसरा गट पहिल्याच्या दुप्पट आहे. उत्पादन पट्ट्यागणिक सरळ रेषेत वाढतं असं गृहीत धरून तो हिशेब करतो. चूक ओळखायची खूण सोपी आहे. निकालात गटांपुढे ३ऐवजी १ आणि त्रुटीपुढे १२ऐवजी १४ स्वातंत्र्यांश दिसतात. एफकडे पाहण्याआधी हा रकाना पाहायची सवय ठेवावी.

यवतमाळच्या शेतात आणखी एक गोष्ट घडते, रात्री रानडुकरं शिरतात. समजा त्यांनी तिसऱ्या गटातला इ चा वाफा उकरून टाकला, ९.५ हा आकडाच गेला. तिथे शून्य लिहिणं चूक, कारण त्या शून्याचा जातीशी काही संबंध नाही. रॉथॅमस्टेडमधल्याच फ्रँक येट्सने १९३३ साली यावर रीत दिली. त्या गटातल्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज ३२.०, तिला गटांच्या संख्येने, ४ने, गुणा. त्या जातीच्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज २५.३, तिला जातींच्या संख्येने, ५ने, गुणा. दोन्ही मिळवून त्यातून उरलेल्या सगळ्या शेताची बेरीज १५०.५ वजा करा आणि ३ गुणिले ४ म्हणजे १२ने भागा. उत्तर ८.६७. हे त्या वाफ्याचं उत्पादन नव्हे. त्यात नवी माहिती काहीच नाही, फक्त तक्ता पुरा होतो आणि उरलेल्या एकोणीस वाफ्यांचा हिशेब बिघडत नाही. म्हणून त्रुटीचा एक स्वातंत्र्यांशही कमी करून ११ धरायचा. दोन-तीन वाफे गेले तर अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत न्यावे लागतात. एकाच जातीचे बरेच वाफे गेले तर त्या जातीबद्दल गप्प बसणं बरं. आणि डुकरांनी ती जात गोड लागते म्हणून निवडून खाल्ली असेल तर हा अंदाजच लागू नाही, कारण तेव्हा नुकसान जातीमुळेच झालेलं असतं.

तक्त्यात एक जागा अशी आहे जिथे शेतकऱ्याची नजर हमखास थांबेल. मुरमाड पहिल्या गटात क चं उत्पादन ७.६ आहे, थेट इ एवढं. तिसऱ्या गटात मात्र क सगळ्यांत मागे आहे. मग हलक्या जमिनीला क चांगली का? ज्याचं सगळं वावर बरड आहे त्याच्यासाठी हाच प्रश्न खरा, पण ही मांडणी त्याचं उत्तर देऊ शकत नाही. प्रत्येक गटात प्रत्येक जातीचा एकच वाफा आहे. त्यामुळे क चा हा चढउतार हलक्या जमिनीशी जुळल्याचा आहे की नुसत्या योगायोगाचा, हे वेगळं काढायला काही शिल्लक नाही. दोन्ही त्या २.४मध्ये मिसळलेले आहेत. उत्तर हवं असेल तर बरड वावरात एक आणि भारी वावरात एक असे दोन स्वतंत्र प्रयोग लावावे लागतील, प्रत्येकात उताराला आडवे चार गट आणि प्रत्येक गटाच्या वेगळ्या चिठ्ठ्या, म्हणजे एकूण चाळीस वाफे. दोन्ही प्रयोग एकत्र मांडताना तक्त्यात जात आणि जमीन यांची एक जोडओळ वाढते, चार स्वातंत्र्यांशांची, आणि क बद्दलचा प्रश्न त्या ओळीच्या एफला विचारायचा.